स्तुतीचे लिंग : फ्रेंच व स्पॅनिश प्रशंसोक्तींतील अर्थभेद

परभाषेत दोन-तीन शब्दांत स्तुती करावयाची असता चुकण्यास फारसा वाव नसतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. लांब वाक्यात विशेषणाचे लिंग चुकले तरी आजूबाजूचे शब्द अर्थ सावरून धरतात. ‘किती सुंदर!’ एवढ्याच उद्गारात मात्र विशेष्य नसते. स्तुती कशाची वा कोणाची, हे फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत पुष्कळदा विशेषणाच्या रूपावरूनच ओळखावे लागते. म्हणून तेथे लिंग चुकले की स्तुतीचा विषयच बदलतो.

समजा, एका स्पॅनिश कवयित्रीने आपली कविता वाचून दाखविली आणि मराठी श्रोत्याला ती आवडली. त्याच्या मनात ‘कविता’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे. स्पॅनिशमधील ‘पोएमा’ हा शब्दही आकारान्त असून तेथील बहुसंख्य आकारान्त नामे स्त्रीलिंगी असतात. तेव्हा तो सहजच ‘के बोनिता!’ असे उद्गारतो. परंतु ‘पोएमा’ पुल्लिंगी आहे. तो मूळ ग्रीक शब्द. ग्रीक व लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी असलेला. स्पॅनिशमध्ये नामांचे नपुंसकलिंग उरले नाही आणि ‘प्रोब्लेमा’, ‘तेमा’ यांसारख्या आपल्या सोबत्यांसह तो पुल्लिंगात गेला. परिणामी ‘बोनिता’ या विशेषणाला कवितेत आधार सापडत नाही. समोर स्त्री उभी आहे. विशेषण तिच्याकडे जाते. कवितेचे कौतुक करावयास आलेला रसिक कवयित्रीच्या रूपाची वाखाणणी करून बसतो.

येथे ‘के बोनितो!’ हे रूप हवे होते. ते पुल्लिंगी दिसत असले तरी अशा उद्गारात नपुंसकलिंगाचेच काम करते. जे घडले, जे ऐकले, ते सारे त्याच्या कक्षेत येते. आपण ‘छान झाले’ म्हणतो त्यातील ‘झाले’शी त्याचे नाते आहे. फ्रेंचमध्येही असेच आहे : ‘से बो’ या उद्गारात विशेषण पुल्लिंगीच राहते, मग स्तुतीचा विषय समुद्र असो वा चित्र. ‘बेल’ हे स्त्रीलिंगी रूप येते ते एखादी स्त्री किंवा स्त्रीलिंगी नाम नेमके अभिप्रेत असेल तेव्हा.

या नियमालाही मर्यादा आहे. कवयित्रीने गीत गायिले असते, तर ‘कान्सियोन’, म्हणजे गाणे, हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘बोनिता’ अयोग्य ठरले नसते. मात्र गाणे की गायिका, हा संदेह उरला असता. अशा वेळी नाम उच्चारणे हाच खात्रीचा उपाय होय. ‘के पोएमा तान बोनितो’ म्हणजे ‘किती सुंदर कविता’, असे म्हटले की संशयाला जागा राहत नाही. फ्रेंचमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘जोली’ या विशेषणाची दोन्ही लिंगी रूपे उच्चारात सारखीच आहेत. तेथील चूक बोलताना लपते आणि पत्रात उघडी पडते.

दुसऱ्या प्रकारची चूक अतिदक्षतेतून उद्भवते. स्पॅनिशमध्ये प्रेमळ माणसाला ‘एरेस उन सोल’, ‘तू सूर्य आहेस’, असे म्हणतात. ‘सोल’ हे नाम आहे. ते स्त्रीलाही जसेच्या तसे लागते. संबोधित व्यक्ती स्त्री आहे म्हणून कोणी ‘उना सोला’ केले, तर सूर्य नाहीसा होतो आणि ‘एकटी’ हा अर्थ पुढे येतो. विशेषण बदलते, उपमान बदलत नाही, हा विवेक येथे सुटतो.

तिसरा प्रकार सर्वांत विचारार्ह आहे. कारण तेथे व्याकरण बिनचूक असूनही स्तुती बिघडते. फ्रेंचमध्ये ‘गालाँ’ पुरुष म्हणजे स्त्रियांशी अदबीने वागणारा. परंतु ‘फाम गालाँत’ या रूढ शब्दयोगाचा अर्थ सैल चारित्र्याची स्त्री असा झाला आहे. स्पॅनिशमध्ये ‘सोर्रो’, म्हणजे कोल्हा, हा शब्द पुरुषाच्या चतुराईचा निदर्शक असतो. ‘सोर्रा’ ही स्त्रीला दिलेली शिवीच होय. ‘चांगली’ या अर्थाचे फ्रेंच ‘बॉन’ हे विशेषण औपचारिक बोलण्यात ‘दयाळू’ असा अर्थ देते, बाजारू बोलीत स्त्रीच्या शरीराकडे बोट दाखविते आणि त्यामागे ‘यून’ हे उपपद लावताच त्याचा अर्थ ‘मोलकरीण’ होतो.

हे अर्थ प्रत्ययाने निर्माण केलेले नाहीत. ज्या समाजाने पुरुषाच्या चतुराईला एक मोल दिले आणि स्त्रीच्या चतुराईला दुसरे, त्याचा निवाडा त्या रूपात साठून राहिला आहे. म्हणून विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप सिद्ध करता येणे पुरेसे नाही. ते रूप भाषेत कोणत्या संगतीत वापरले जाते, हे कोशात स्वतंत्रपणे पाहावे लागते. अनुवादकाला तर याचा विसर पडून चालणारच नाही : मूळ संवादातील पात्राने केलेली अशी चूक त्याने मुकाट्याने दुरुस्त केली, तर त्यावर दुखावणारे वा हसणारे दुसरे पात्र मराठी वाचकाला अकारण वागणारे वाटेल.