‘दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय दिसत नाही?

दर महिन्याच्या 14 ते 20 तारखेत सीएच्या ऑफिसातून एक वाक्य फार वेळा बाहेर पडतं : “फोटो नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा.” दुकानदार फोटो उघडून बघतो, त्याला तो स्वच्छ दिसतो. तो तसाच्या तसा पुन्हा पाठवतो आणि तेच उत्तर परत येतं. तारखाच अशा आहेत की हा खेळ नेमका याच आठवड्यात होतो. पुरवठादारांनी आपापली विक्री 11 तारखेपर्यंत जीएसटीच्या पोर्टलवर भरायची असते. त्यावरून 14 तारखेला खरेदीदाराच्या नावावर ‘जीएसटीआर-2बी’ हा तक्ता तयार होतो, म्हणजे कोणी कोणतं बिल दाखवलं आणि त्यावर किती कर दिसतो याची यादी. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला 20 तारखेपर्यंत ‘3बी’ भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत हाताशी असलेली बिलं आणि पोर्टलवरची यादी यांची टिचून जुळणी करायची.

सांगलीकडच्या एका हार्डवेअर दुकानदाराला त्याच्या सीए बाईंनी जुलै 2025 मध्ये पाठवलेली ईमेल मी वाचली. नावं आणि आकडे बदलून ती इथे देतो आहे, कारण ‘दिसत नाही’ या शब्दाच्या पोटात चार अगदी वेगळे आजार असतात आणि चौघांचं औषध वेगळं असतं, हे तिच्यात चांगलं उतरलं आहे. सुरुवात अशी :

“नमस्कार शेठ, जूनच्या खरेदीचे 31 फोटो मिळाले. 27 व्यवस्थित आहेत, ते पुन्हा काढू नका. बाकी चारांचं खाली लिहिते आहे. 17 तारखेच्या संध्याकाळपर्यंत मिळाले तर बरं.”

‘27 व्यवस्थित आहेत’ हे वाक्य मला फार आवडलं. ते नसतं तर माणूस एक तर सगळी फाइल पुन्हा उपसतो, नाहीतर कंटाळून काहीच करत नाही. पुढे पहिलं बिल येतं.

“पाइपवाल्यांचं 12 जूनचं बिल. करपात्र रकमेतला दुसरा आकडा 3 आहे की 8, ते कळत नाही, कारण कागदाची घडी बरोबर त्या आकड्यावरून गेली आहे. फोटोत बिलाचा खालचा चार बोटं भागही कापला गेला आहे. पोर्टलवर त्यांनी 13,400 दाखवले आहेत. मला 18,400 वाटतात. घडी हाताने सपाट करून, चारही कोपरे फोटोत येतील असा पुन्हा काढा.”

घडी आणि कापलेला तळ या दोन चुका एकत्र आल्या म्हणून हे बिल अडलं. एकटी घडी असती तर बाईंनी मेल लिहिलीच नसती. पाइपवर 18 टक्के जीएसटी, आणि पुरवठादार महाराष्ट्रातलाच असल्याने तो नऊ-नऊ टक्के असा केंद्र आणि राज्य यांच्यात विभागलेला. बिलाच्या तळाशी दोन्हीकडे 1,656 लिहिलेले असतील तर मूळ रक्कम 18,400 च असणार, 1,206 असतील तर 13,400. अस्पष्ट आकडा तळाच्या गणितातून परत मिळवता येतो, पण तळच नसेल तर वाट बंद. पुष्कळांना वाटतं की बिलाचा महत्त्वाचा भाग म्हणजे वरचं नाव आणि मालाची यादी. सीएच्या दृष्टीने तळाच्या चार ओळी म्हणजे करपात्र रक्कम, दोन कर आणि एकूण. त्या एकमेकींना पडताळतात, म्हणून त्या आधी हव्यात.

यात पैसे किती अडकले आहेत तेही बघा. 18,400 वर एकूण कर 3,312 होतो आणि 13,400 वर 2,412. पुरवठादाराने पोर्टलवर आकडा चुकवला असेल, तर दुकानदाराने भरलेल्या करापैकी 900 रुपयांचं क्रेडिट त्याला मिळत नाही. जानेवारी 2022 पासून, 2बी मध्ये जे दिसत नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणजे पुरवठादाराला फोन करून दुरुस्ती करून घ्यायची, आणि तो फोन करण्याआधी आपल्या हातातला कागद काय म्हणतो याची खात्री हवी. तीनचा आठ असावा अशा अंदाजावर कोणी कोणाला दुरुस्ती मागत नाही.

दुसरा मुद्दा दुकानदाराला सगळ्यात पटायला अवघड गेला असणार.

“काउंटरवर तीन बिलं शेजारी मांडून एकच फोटो काढला आहे. तुमच्या मोबाइलवर तो स्वच्छ दिसत असेल, माझ्याकडे आलेला दिसत नाही. हा पुन्हा काढू नका. गॅलरीतला तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर या मेलला जोडा.”

दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांच्या समोरचा फोटो एक नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा ‘फोटो’ म्हणून पाठवलं की चित्र लहान करून पाठवलं जातं. लांब बाजू साधारण 1,600 ठिपक्यांवर येते, मग मोबाइलचा कॅमेरा कितीही भारी असो. एक ए-फोर कागद चौकटभर घेतला असेल तर बिलावरच्या बारीक छापातल्या आकड्याच्या उंचीला दहाएक ठिपके मिळतात. तेवढ्यात तीन आणि आठ वेगळे ओळखता येतात, जेमतेम. तीन कागद शेजारी ठेवले की त्याच 1,600 ठिपक्यांत तिघांची रुंदी बसवायची, म्हणजे आकड्याला पाचच ठिपके उरतात. शिवाय जेपेग पद्धतीत चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडून दाबलं जातं. पाच ठिपक्यांचा आकडा अशा एकाच चौकोनात मावतो आणि त्यातले बारीकसारीक फरक सगळ्यात आधी टाकून दिले जातात. मग सीए दोन बोटांनी चित्र मोठं करते तेव्हा तिला आकडा दिसत नाही, करडा डाग मोठा झालेला दिसतो. दुकानदाराच्या गॅलरीतला मूळ फोटो मात्र शाबूत असतो. तो डॉक्युमेंट म्हणून गेला तर जसाच्या तसा पोचतो. म्हणून इथे नवा फोटो काढणं म्हणजे नुसती मेहनत, तो नवाही त्याच वाटेने गेला तर तसाच चेपला जाणार.

“तिसरं, रंगाच्या कंपनीच्या डीलरचं बिल. बिल नंबरवर पांढरा झोत आला आहे. शेवटचे आकडे 0871 की 0671 ते कळत नाही. याच डीलरची याच रकमेची दोन बिलं 2बी मध्ये आहेत, आणि तुम्ही दोन फोटो पाठवले आहेत. ती दोन बिलं आहेत की एकाच बिलाचे दोन फोटो? कागद प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, फ्लॅश बंद करा, आणि दुकानाच्या दाराजवळ दिवसाउजेडी काढा.”

प्लास्टिकवर पडलेला ट्यूबलाइटचा किंवा फ्लॅशचा उजेड सरळ कॅमेऱ्यात परततो, आणि तेवढ्या जागी फोटोत शुद्ध पांढरं नोंदलं जातं. अंधुक फोटो उजळ करता येतो, कारण अंधारात काहीतरी नोंदलेलं असतं. या पांढऱ्यात काहीच नसतं, ब्राइटनेस कमी केला तर त्याचं नुसतं करडं होतं. उजेड बाजूने आला आणि कागद उघडा असला की झोत जातो. आपलीच सावली कागदावर पडत नाही ना, एवढं बघायचं.

झोत बिल नंबरवरच पडला हे दुर्दैव. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक झाकला असता तर काम अडलं नसतं. त्या पंधरा अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची (महाराष्ट्राची 27), पुढची दहा पॅनची, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं. एक अक्षर चुकीचं वाचलं तर क्रमांक जुळतच नाही. बिल नंबराला असा कोणी राखणदार नाही. नियमाने तो जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा आणि त्या वर्षात एकमेव असावा, बस. 0671 लिहिलं काय आणि 0871 लिहिलं काय, दोन्ही तितकेच खरे दिसतात.

हलल्यामुळे धूसर झालेल्या फोटोंबद्दल मेलमध्ये काही नव्हतं, ते सगळ्यांना कळतं. स्कॅनर अ‍ॅपबद्दल मात्र जाता जाता एक वाक्य होतं : “काळा-पांढरा फिल्टर लावू नका, कार्बन कॉपीवरचा फिकट मजकूर पुसला जातो.” बरोबरच आहे. तो फिल्टर प्रत्येक ठिपक्याला काळा की पांढरा हे ठरवून टाकतो आणि फिकट निळ्याची वाटणी बहुधा पांढऱ्यात होते.

चौथ्यात फोटोचा काही दोष नव्हता.

“इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बिल. फोटो चांगला आहे, बिलच उडालं आहे. पुन्हा फोटो काढून उपयोग नाही. लॅमिनेशन अजिबात करू नका. दुकानात जाऊन बिलाची प्रत मागा, त्यांच्या कॉम्प्युटरमधून निघेल.”

हे बिल थर्मल कागदावरचं. त्यावर शाई नसतेच. कागदाच्या थरात एक रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं दुसरं रसायन शेजारी असतात, छपाईयंत्राच्या गरम टोकाने ती वितळून एकत्र आली की अक्षर काळं उमटतं. ऊन, तेलकट हात, आणि मऊ प्लास्टिकमधले तेलासारखे पदार्थ ही जुळणी पुन्हा मोडतात. म्हणजे बिल जपायला म्हणून ज्या पारदर्शक पिशवीत घातलं, तीच त्याला खाते. लॅमिनेशनची उष्णता तर अख्खा कागद काळा करू शकते. कागद थर्मल आहे का हे ओळखायला कोपऱ्यावर नख जोरात ओढायचं, घासण्याच्या उष्णतेने काळी रेघ उमटली की समजायचं.

शेठनी दुसऱ्या दिवशी दुपारी तीन बिलं पाठवली, बॅटरीचं त्यानंतर आलं. रंगाची बिलं खरंच दोन होती. पाइपच्या बिलाच्या तळाशी 1,656 आणि 1,656 होते, म्हणजे चूक पुरवठादाराच्या नोंदीतली. तो पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती करायला तयार झाला, त्यामुळे जूनच्या हिशेबात बाईंनी 2,412 चंच क्रेडिट घेतलं आणि 900 वहीत येणे म्हणून ठेवले.

मेलच्या शेवटी मूळ कागद फेकू नका असं लिहिलं होतं. जीएसटी कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीनंतर 72 महिने ठेवावे लागतात. 2025-26 च्या बिलांसाठी ती तारीख 31 डिसेंबर 2032 येते. थर्मल कागद तितका टिकेल यावर विसंबू नये, म्हणून तसल्या बिलाचा फोटो ते हातात पडेल त्याच दिवशी काढायचा.