ब्रॉन्झर दुपारी नारिंगी का होतो?

सकाळी छान तपकिरी दिसणारा ब्रॉन्झर दुपारी नारिंगी दिसू लागला, की ‘ऑक्सिडाइज झाला’ म्हणून आपण मोकळे होतो. रसायनशास्त्राला हे पटत नाही. ब्रॉन्झरचा रंग मुख्यतः लोहाच्या तांबड्या, पिवळ्या आणि काळ्या ऑक्साइडांतून येतो. तांबडं आणि पिवळं ऑक्साइड हे गंजाचेच भाऊबंद. त्यांतल्या लोहाचं ऑक्सिडीकरण आधीच पूर्ण झालेलं असतं. काळ्यात थोडा वाव उरतो, पण चेहऱ्याच्या तापमानाला काही तासांत नजरेत भरेल असा बदल त्यातही होत नाही. बदलते ती प्रकाशाची वाट. पावडरच्या कणांमध्ये हवा असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि रंग फिकट भासतो. त्वचेचं तेल त्या फटींत शिरलं की विखुरणं कमी होतं आणि पावसाने भिजलेल्या मातीसारखा तोच रंग गडद होतो. दबलेला तांबडेपणा वर येतो.

क्रीममध्ये हेच कण आधीपासून तेला-मेणात भिजलेले असतात, म्हणून डबीतला आणि गालावरचा रंग फारसा वेगळा नसतो. मग सर्वांनी क्रीमच का लावू नये? कोरड्या त्वचेने जरूर लावावं. तेलकट त्वचेवर, त्यातही मुंबईच्या दमट हवेत, ते घसरतं. तिथे पावडर बरी, मात्र निवडताना ती पुढे गडद होणार हे धरून चालावं. ओलसर फाउंडेशनवर थेट पावडर फिरवली तर ती जागोजागी चिकटते आणि मळकट डाग पडतात. त्यामुळे फाउंडेशन सेट करण्याआधी क्रीम, सेट केल्यानंतर पावडर.

छटेचं गणितही प्रकाशाचंच आहे. ब्रॉन्झरचा थर पातळ असतो, खालची त्वचा त्यातून दिसत राहते. गोरी त्वचा बराच प्रकाश परतवते, त्यामुळे तिच्यावर तांबडेपणाचा अंशही उठून दिसतो. तिथे त्वचेहून एक-दोन छटा गडद, कमी तांबूस तपकिरी रंग शोभतो. पण नारिंगीच्या धास्तीने अगदी करड्याकडे गेलात तर गाल मळल्यासारखे दिसतात. गडद त्वचेची अडचण उलटी आहे. तिथे मेलॅनिन बराचसा प्रकाश शोषतं आणि पावडरमधलं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड तो विखुरतं, म्हणून राखेचा थर दिल्यासारखं दिसतं. गोऱ्या गालावर भडक वाटणारी महोगनी किंवा तांबूस छटा इथे अगदी स्वाभाविक दिसते. ‘मुळातच गडद त्वचेला ब्रॉन्झर कशाला?’ हा प्रश्न ब्रॉन्झरचं काम फक्त काळसरपणा आणणं आहे असं गृहीत धरतो. इथे खरी गरज ऊबदार झाक आणण्याची असते.

दुकानात मनगटावरचा पट्टा पाहून ठरवू नका. जबड्याच्या कडेला दोन पट्टे ओढा, एक कोरड्या त्वचेवर आणि एक किंचित तेल लावून, आणि उजेडात या. तेलावरचा पट्टा नारिंगी दिसला तर ती डबी परत ठेवा.