छान भेटीनंतरचा दुसरा दिवस

पाहण्याच्या कार्यक्रमानंतर मुलाकडचे 'कळवतो' म्हणून निघायचे आणि पुढचं सगळं मध्यस्थाच्या हाती जायचं. पसंती असली तर तो उत्साहानं सांगायचा, नसली तर 'पत्रिकेत जरा अडचण दिसते' म्हणून दोन्ही घरांची लाज राखायचा. मुलाला किंवा मुलीला स्वतः तोंड उघडावं लागत नसे. आता दोघं अ‍ॅपवर किंवा मित्रांच्या ओळखीतून एकमेकांना गाठतात, कॉफी पितात, रिक्षात बसून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशीचा निरोप ज्याचा त्यानं लिहायचा असतो. अडचण तिथेच येते. मध्यस्थ दोन कामं करत होता: आवड पोचवायची आणि नकाराला सभ्य वाट ठेवायची. बहुतेकांच्या मेसेजमध्ये यातलं एकच काम होतं. काही जण आवड एवढी झाकतात की ती पोचतच नाही. काही जण ती अशी ओततात की समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा उरत नाही.

आधी पहिल्या चुकीबद्दल. भेट छान झाली तरी माणूस घरी जाऊन स्वतःचीच उलटतपासणी घेतो. जास्त बोललो का, तो विनोद फसला का, ती नुसती सौजन्यानं हसत होती का? एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केलं. अनोळखी माणसांना जोडीजोडीनं गप्पा मारायला लावल्या आणि नंतर प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले: समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडलात असं वाटतं? लोक दुसऱ्या प्रश्नाला सरसकट कमी गुण देत होते. आपण समोरच्याला खरोखर जेवढे आवडतो, त्यापेक्षा कमीच आवडलो असं आपल्याला वाटतं. म्हणजे रविवारी सकाळी फोन हातात घेऊन दोघंही एकाच शंकेत बसलेली असण्याची शक्यता बरीच असते. 'मला छान वाटलं' हे साधं वाक्य ती शंका काढून टाकतं. ते कोड्यात किंवा नुसत्या इमोजीत गुंडाळलं, तर शंका आहे तिथेच राहते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे लगेच लिहिलं की भाव कमी होतो. अमेरिकेत 'तीन दिवस थांबायचं' असा नियमच सांगितला जायचा, आणि 1996 च्या 'स्विंगर्स' या चित्रपटानं त्याची चांगली खिल्ली उडवली. पण तो काळ घरच्या फोनचा आणि आन्सरिंग मशीनचा होता. तीन दिवस फोन आला नाही तर माणूस बाहेरगावी असेल असं समजता येत असे. आज समोरचा दिवसभर ऑनलाइन दिसतो, त्यामुळे मौनाचा अर्थ थेट 'रस नाही' असा लागतो. अनिश्चिततेनं ओढ वाढते हे दाखवणारा एक प्रयोगही नेहमी पुढे केला जातो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थिनींना काही मुलांच्या फेसबुक प्रोफाइल दाखवल्या होत्या, आणि ज्यांना 'या मुलांना तू किती आवडलीस ते नक्की सांगता येत नाही' असं सांगितलं गेलं, त्यांची ओढ सर्वांत जास्त निघाली. पण त्या मुली त्या मुलांना भेटल्याच नव्हत्या. दोन तास समोरासमोर बसून आलेल्या माणसाला तो निष्कर्ष लावणं बरोबर नाही.

वेळेचं गणित मग सोपं आहे. रात्रीचा 'नीट पोचलीस ना?' हा काळजीचा मेसेज. तो जरूर करावा, पण त्यात भेटीचा हिशेब मांडू नये. खरा मेसेज दुसऱ्या दिवशी, सकाळ उलटल्यापासून संध्याकाळपर्यंत केव्हाही. सकाळी सातला फुलांचं चित्र आणि 'शुभ प्रभात' पाठवलं तर तो फॅमिली ग्रुपवरचा मामा वाटतो. रात्री साडेअकराला लिहिलं तर दिवसभर धीर होत नव्हता हे कळतं किंवा भलताच अर्थ निघतो. मुलानंच आधी लिहावं हाही नियम नाही. ज्याच्या मनात वाक्य तयार आहे त्यानं लिहावं.

आता एक भेट घेऊन बघू. पुणं, शनिवारची संध्याकाळ. दोघं डेक्कनच्या गुडलकमध्ये बन मस्का आणि चहावर बसली. नंतर झेड ब्रिजवर चालत गेली. तिनं तिची आजी पत्ते खेळताना कशी लबाडी करते ते साग्रसंगीत सांगितलं. 'किल्ला' त्यानं पाहिला नव्हता म्हणून त्याला चार शब्द सुनावले. बुधवारी ऑफिसात मोठं प्रेझेंटेशन आहे, असंही बोलता बोलता म्हणाली. रविवारी दुपारी तो लिहायला बसतो.

पहिला खर्डा: 'हाय, काल मजा आली.' खोटं काही नाही, पण हे वाक्य कुणालाही, कुठल्याही भेटीनंतर पाठवता येतं. त्याला उत्तर म्हणून 'हो, मलाही' एवढंच सुचतं आणि गाडी तिथेच थांबते.

दुसरा खर्डा: 'काल रात्री झोपच लागली नाही. इतक्या मोकळेपणानं मी आजवर कुणाशीच बोललो नव्हतो. तुझ्यासारखी मुलगी भेटेल असं वाटलंच नव्हतं.' हे त्याला मनापासून वाटत असेल. पण तिनं दोन तास गप्पा मारल्या आहेत आणि तिच्यासमोर आता आयुष्यभराची भावना ठेवली आहे. तेवढंच परत द्यावं तर खोटं, कमी द्यावं तर निष्ठुर. पोट भरलंय म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढावी तसं हे होतं: वाढणाऱ्याचं प्रेम खरं, पण पाहुणा पुढच्या वेळी जेवायला येताना विचार करतो.

तिसरा खर्डा: 'शनिवारी पुन्हा भेटायचंच. सातचं टेबल बुक केलंय.' धडाडी दिसते, पण विचारणा नाही. नाही म्हणायचं झालं तर आता तिला भेटीबरोबर बुकिंगही मोडावं लागणार.

शेवटी गेलेला मेसेज असा: 'काल खूप छान वाटलं. आजीच्या पत्त्यांचे किस्से ऐकता ऐकता दहा कधी वाजले कळलंच नाही. आज दुपारी किल्ला लावलाय, अर्धा झाला. तुझी बोलणी रास्त होती. पुन्हा भेटायला आवडेल. पुढच्या शनिवार-रविवारी जमेल का तुला? बघून सांग.'

पहिलं वाक्य आवड सांगतं, आडपडदा न ठेवता आणि विशेषणांची माळ न लावता. दुसरं वाक्य दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही, कारण ती आजी तिचीच आहे. चांगल्या मेसेजची हीच ओळख: नाव बदलून दुसऱ्याला पाठवता आला तर तो अजून तयार नाही. चित्रपटाचं वाक्य दाखवतं की तिचं बोलणं भेटीनंतरही त्याच्या डोक्यात होतं. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये स्पीड डेटिंगच्या संभाषणांचाही अभ्यास केला होता. समोरच्याच्या बोलण्याचा धागा पकडून पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी होकार जास्त मिळाला होता. मेसेजमध्येही हा धागा तेच काम करतो.

मग येते विचारणा. 'कधीतरी भेटू' म्हटलं तर कुणीच काही ठरवत नाही. 'शनिवारी सात वाजता' म्हटलं तर पेच पडतो. 'पुढच्या शनिवार-रविवारी' यात दिवस आहे आणि हलायला जागाही आहे. 'बघून सांग' या दोन शब्दांत मध्यस्थाचं दुसरं काम होतं. तिला आत्ताच्या आत्ता उत्तर द्यायचं नाही, आणि जमणार नसेल तर तेही सांगता येईल. हे एकदाच म्हणायचं. 'अजिबात प्रेशर नाही हं, खरंच नाही' असं तीनदा लिहिलं की प्रेशर तिथूनच सुरू होतं.

भाषेचं म्हणाल तर भेटीत जशी होती तशीच ठेवावी. तिथे 'तुम्ही' असेल तर मेसेजमध्ये एकदम 'तू' वर उतरू नये. आधीचे मेसेज रोमन लिपीत, मराठी-इंग्रजी मिसळून असतील तर तसेच लिहावेत. अचानक पुस्तकी मराठी आली तर मोठ्या भावानं लिहून दिल्यासारखी वाटते. टोमणा आणि उपरोध मात्र टाळावा. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं होतं की ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला कळेल अशी लिहिणाऱ्याची जी खात्री असते, ती फाजील असते. भेटीत 'तू फारच बडबडी आहेस' हे डोळे मिचकावून म्हटलेलं असतं. स्क्रीनवर डोळे जात नाहीत.

मेसेज गेल्यावर उत्तर कसं वाचायचं? 'या वीकेंडला लग्न आहे, पण मंगळवारी चालेल?' हा होकार आहे. ज्याला भेटायचं असतं तो एक दिवस नाकारला तर दुसरा सुचवतो. 'मजा आली, बघू' आणि पुढे काहीच नाही, हा बहुतेक वेळा सौम्य नकार असतो. निळ्या टिका मात्र फारसं काही सांगत नाहीत. लोक मीटिंगमध्ये मेसेज उघडतात, नीट उत्तर देऊ म्हणून ठेवतात आणि विसरतात. म्हणून काहीच उत्तर आलं नाही तर एक मेसेज आणखी चालतो, दोन-चार दिवसांनी, खऱ्या निमित्तानं. आपल्या उदाहरणात बुधवार आहेच: 'प्रेझेंटेशन कसं झालं?' आधीच्या मेसेजचा उल्लेख नाही, 'पाहिलंस पण उत्तर नाही' असा जाब नाही.

त्यानंतरही शांतता असेल तर तेच उत्तर समजावं. इन्स्टाग्रामवर जाऊन लिहिणं, मैत्रिणीकडून विचारणं, ऑफिसखाली 'सहज' उभं राहणं हे आता प्रेमाचे प्रयत्न उरत नाहीत. स्त्रीनं रस नसल्याचं स्पष्ट केल्यावरही पुरुषानं पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. 2013 पासून तो भारतीय दंड संहितेत 354 ड म्हणून होता.

कधी सरळ नकारही येतो: 'तुला भेटून छान वाटलं, पण मला पुढे काही जाणवत नाहीये.' असं लिहायला धैर्य लागतं, त्याला दोन ओळींत उत्तर द्यावं: 'सरळ सांगितलंस, थँक्यू. बुधवारच्या प्रेझेंटेशनसाठी शुभेच्छा.' 'का?' विचारू नये, 'निदान मैत्री तरी' हा सौदा मांडू नये. पहिला मेसेज पाठवण्याआधी हे उत्तर मनात लिहून बघावं. ते लिहिता येत नसेल तर आपला मेसेज विचारणा नसून मागणी आहे, आणि तो अजून थोडा कापायला हवा.