120 हर्ट्झचा हिशेब

नवा फोन घेतल्यावर अनेकांना पहिला सल्ला मिळतो तो असा: बॅटरी वाचवायची असेल तर सेटिंगमध्ये जा आणि 120 हर्ट्झचं 60 करून टाक. हा सल्ला काही फोनांसाठी बरोबर आहे आणि काही फोनांसाठी चक्क उलटा पडू शकतो. कोणत्या फोनात काय होतं हे पडद्याच्या आतल्या रचनेवर ठरतं.

पडदा एका सेकंदात किती वेळा नव्याने रंगवला जातो, त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात. 60 हर्ट्झवर दर 16.7 मिलीसेकंदांनी नवं चित्र येतं, 120 वर दर 8.3 मिलीसेकंदांनी. बोटाने यादी भरभर वर सरकवताना हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. अक्षरं कमी पुसट होतात आणि पडदा बोटासोबत चालतोय असं वाटतं. पण यादी थांबली आणि तुम्ही वाचायला लागलात की पुढच्या क्षणी रंगवायला नवीन काही नसतं. तरीही तेच चित्र सेकंदाला 120 वेळा पुन्हा रंगवत राहणं म्हणजे ऊर्जेची निव्वळ नासाडी. म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह रिफ्रेश रेट आला: बोट लागलं की वेग वर, हालचाल थांबली की वेग खाली.

हा वेग किती खाली जाऊ शकतो, यात खरी मेख आहे. ओलेड पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याची उजळणी एका बारीक साठवलेल्या विद्युतभारावर टिकून असते. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमधून तो भार हळूहळू गळतो, तळाला बारीक भोक असलेल्या बादलीसारखा. त्यामुळे ती सतत भरत राहावी लागते. वेग फार कमी केला तर दोन भरण्यांच्या मध्ये ठिपका मंद होतो आणि पडदा लुकलुकताना दिसतो. एलटीपीओ प्रकारच्या पडद्यात काही ट्रान्झिस्टर ऑक्साइडचे असतात. त्यांतून गळती फार कमी होते, म्हणून असा पडदा 10 हर्ट्झवर, काही फोनांत तर 1 हर्ट्झवरही स्थिर राहतो. आयफोन 13 प्रो 2021 साली आला तेव्हा त्याचा पडदा 10 ते 120 हर्ट्झच्या दरम्यान चालत होता. पुढच्या वर्षीच्या 14 प्रोमध्ये तो 1 पर्यंत उतरला. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत मात्र साधा पडदा असतो आणि तो 120, 90, 60 अशा ठरावीक पायऱ्यांवरच उतरतो. 60 च्या खाली तो सहसा जात नाही.

आता एक तासाचा हिशेब मांडू. समजा तुम्ही तासभर बातम्या वाचताय. त्यातली 10 मिनिटं पान सरकतंय आणि 50 मिनिटं ते स्थिर आहे. पडदा 120 वरच अडकवून ठेवला तर तासात तो 4,32,000 वेळा रंगवला जाईल. 60 वर अडकवला तर 2,16,000 वेळा. पायऱ्यांचा पडदा अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवला, तर 10 मिनिटं 120 आणि 50 मिनिटं 60 या वेगाने 2,52,000 वेळा. आणि एलटीपीओ पडदा स्थिर पानावर 10 हर्ट्झला उतरला तर एकूण फक्त 1,02,000 वेळा. म्हणजे एलटीपीओ फोन 120 च्या अ‍ॅडॅप्टिव्ह सेटिंगवर ठेवूनही 60 ला जखडलेल्या पडद्याच्या निम्म्याहून कमी काम करतो. पायऱ्यांच्या फोनातही अ‍ॅडॅप्टिव्ह आणि 60 यांत फार मोठी दरी नाही. महाग पडतो तो कायम 120 वर अडकलेला पडदा.

या आकड्यांच्या प्रमाणात बॅटरी उतरत नाही, कारण पडद्याची बरीचशी ऊर्जा प्रकाश देण्यात जाते. शिवाय सतत हालचाल असेल, म्हणजे तासन् तास रील्स सरकवल्या किंवा गेम खेळला, तर अ‍ॅडॅप्टिव्हला खाली उतरायला सवडच मिळत नाही. तिथे 60 केल्याने खरोखर बचत होते.

आपला फोन नेमकं काय करतो हे पाहता येतं. अँड्रॉइडमध्ये ‘About phone’मध्ये जाऊन ‘Build number’वर सात वेळा टिचकी मारली की ‘Developer options’ उघडतं. त्यात बहुतेक फोनांत ‘Show refresh rate’ असतं. ते सुरू केलं की पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो. एखादी लांब यादी सरकवा, बोट उचला आणि काही सेकंद थांबा. आकडा 120 वरून 60 किंवा त्याहून खाली आला तर सगळं ठीक आहे. तो 120 वरच राहिला, तर तुमच्या फोनातला पर्याय ‘High’सारखा कायमचा वरचा आहे का ते तपासा आणि ‘Adaptive’ किंवा ‘Auto’ निवडा. सॅमसंगमध्ये ही निवड ‘Motion smoothness’मध्ये असते, पिक्सेलमध्ये ‘Smooth display’मध्ये. मात्र हा आकडा यंत्रणेने मागितलेला वेग सांगतो. काही एलटीपीओ पडदे स्वतःहून त्याहूनही खाली उतरतात, आणि ते इथे दिसत नाही.

रात्री अंधारात, उजेड अगदी कमी ठेवून वाचताना पडदा मध्येच किंचित लुकलुकला किंवा त्याची छटा बदलली, तर तो बहुधा वेग बदलतानाचा दोष असतो. कमी उजेडात दोन वेगांमधला रंगाचा सूक्ष्म फरक डोळ्यांना जाणवतो, म्हणून काही फोन अंधारात वेग बदलतच नाहीत. 2019 चा पिक्सेल 4 उजेड 75 टक्क्यांच्या खाली गेला की 90 वरून 60 वर यायचा, आणि त्यावरून बरीच ओरड झाली होती. लुकलुक त्रास देत असेल तर रात्रीपुरता 60 ठेवणं शहाणपणाचं.

कलर मोडबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण बॅटरीच्या दृष्टीने त्याचा प्रभाव लहान आहे. ‘Vivid’ मोडमध्ये साधे रंग ताणून जास्त गडद दाखवले जातात आणि पांढरा रंग निळसर होतो. ‘Natural’मध्ये ते मूळ मापाच्या जवळ राहतात. ऑनलाइन पैठणीचा रंग पाहून निवडायची असेल तर ‘Natural’ ठेवा, नाहीतर घरी आलेली साडी फिकी वाटेल. पहिले दोन-चार दिवस पडदा निस्तेज भासतो, मग डोळे सरावतात. बॅटरीसाठी कलर मोड बदलण्यात वेळ घालवू नका.

त्यापेक्षा उजेडाकडे लक्ष द्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये ओलेड फोनांवर डार्क मोड मोजला. उजेड 30 ते 50 टक्के असताना बचत सरासरी 3 ते 9 टक्केच निघाली. उजेड 100 टक्के असताना ती 39 ते 47 टक्क्यांवर गेली. याचा अर्थ, उन्हात पडदा पूर्ण उजळलेला असतो तेव्हा डार्क मोड खूप काही वाचवतो आणि खोलीत बसल्यावर फारसं नाही. एलसीडी पडद्यात तर मागचा दिवा सगळीकडे जळतच असतो, तिथे काळ्या रंगाने जवळपास काहीच वाचत नाही.

तेव्हा एलटीपीओ फोन असेल तर अ‍ॅडॅप्टिव्हला हात लावू नका, फक्त ऑटो ब्राइटनेस सुरू ठेवा. साधा पडदा असेल तर एरवी अ‍ॅडॅप्टिव्ह आणि चार्जर हाताशी नसलेल्या लांबच्या प्रवासात 60. पुढचा फोन घ्यायला दुकानात जाल तेव्हा खोक्यावरच्या ‘120 Hz’पाशी थांबू नका, पडदा एलटीपीओ आहे का आणि वेग खाली कुठपर्यंत उतरतो, हे विक्रेत्याला विचारा.