डोक्यावरची ट्यूब आणि अर्धशिशी

अर्धशिशीचा त्रास असलेल्या माणसाने ऑफिसात काही सवलत मागितली की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, ‘गोळी घेतली का?’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. डोकेदुखी सगळ्यांनाच ठाऊक असते, त्यामुळे ही तीच, जरा जास्त, असं वाटतं. पण अर्धशिशीचा झटका उपचार न घेतल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो. जिना चढला तरी ठणका वाढतो, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसत नाहीत. दुखणं थांबल्यावरही पुढचा दिवसभर डोकं जड आणि मंद राहतं. ज्याचं काम आकड्यांचं किंवा अक्षरांचं आहे, त्याचा हा दिवसही वायाच जातो.

उजेड का सोसत नाही, हे गेल्या काही दशकांत बरंच उलगडलं आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून उजेड किती आहे हे मेंदूला कळवणं हे असतं. निळसर प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात. हार्वर्डमधले संशोधक रामी बर्स्टीन यांनी 2010 साली अंध रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं की दृष्टी गेलेली पण उजेडाची जाणीव उरलेली माणसंही झटक्यात उजेडाने कळवळतात. या पेशींचा निरोप मेंदूतल्या ज्या भागात पोचतो, तिथेच डोक्यातल्या वेदनेचा निरोपही येऊन मिळतो. म्हणून ‘दिव्याकडे बघू नकोस’ या सल्ल्याचा उपयोग नाही. खोली उजळलेली असली तरी पुरतं.

ऑफिसातल्या उजेडात आणखी एक खोट असते, ती म्हणजे थरथर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. जुन्या लोखंडी चोकवरची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते दिसत नाही, मेंदूला मात्र जाणवतं. ब्रिटनमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी 1989 साली एका ऑफिसात अशा ट्यूबा आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या, जवळजवळ स्थिर उजेडाच्या ट्यूबा, यांची तुलना केली. स्थिर उजेडाखाली डोकेदुखीचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आता सगळीकडे एलईडी आले म्हणून प्रश्न सुटला असं नाही, कारण स्वस्त ड्रायव्हरचे एलईडीही थरथरतात. तपासायला मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून दिव्याकडे धरायचा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना किंवा उजेड लपलपताना दिसला तर दिवा थरथरतो आहे. पट्टे दिसले नाहीत म्हणजे दिवा निर्दोष, असं मात्र नव्हे.

बरेच जण यावर स्वतःच इलाज शोधतात आणि दिवसभर काळा चष्मा लावून बसतात. तो घरात-ऑफिसात सतत वापरू नये. डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही अधिक टोचू लागतो. म्हणून संपूर्ण अंधार मागण्यापेक्षा सौम्य, स्थिर, बाजूने येणारा उजेड मागावा.

मागायचं कसं, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करणाऱ्या बाई आहेत. डॉक्टरांनी निदान केलेलं आहे. त्यांनी तीन महिने साधी वही ठेवली: झटका किती वाजता सुरू झाला, आदल्या रात्री झोप किती झाली, जेवण कधी झालं, गोळी किती वाजता घेतली, किती तास काम बुडालं. तीन महिन्यांत अकरा झटके निघाले. त्यांतले सात महिनाअखेरच्या क्लोजिंगच्या आठवड्यातले, जेव्हा रात्री नऊपर्यंत थांबावं लागतं आणि जेवण तीनला होतं. चार झटक्यांच्या दिवशी घरून निघतानाच मान आखडली होती आणि जांभया येत होत्या.

ही शेवटची नोंद फार मोलाची. मान आखडणं, जांभया, उजेड नकोसा होणं ही पुष्कळदा झटक्याची पूर्वलक्षणं असतात. दुखणं काही तासांनी येतं. अशा दिवशी ‘ट्यूबमुळे डोकं दुखलं’ असं वाटतं, पण झटका आधीच सुरू झालेला असतो आणि ट्यूब त्यात भर घालते. वही नसती तर बाईंनी फक्त दिवे बदलून मागितले असते, आणि महिनाअखेरचे सात झटके तसेच राहिले असते.

वहीतून मागणी आपोआप ठरली. मॅनेजरला बाईंनी लिहिलं:

‘सर, मला मायग्रेन आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. गेल्या तीन महिन्यांत यामुळे माझे चार दिवस पूर्ण गेले आणि नऊ दिवस निम्म्याहून कमी काम झालं. चार गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. माझ्या टेबलावरच्या दोन ट्यूबा बंद ठेवून मला टेबललॅम्प मिळावा, किंवा खिडकीकडे पाठ नसलेली, कडेची जागा मिळावी. दर तासाला पाच मिनिटं स्क्रीनवरून उठू द्यावं; त्या वेळात मी व्हाउचर लावणं, फोन करणं ही कामं करीन. क्लोजिंगच्या आठवड्यात सकाळी आठला येऊन पाचला निघू द्यावं आणि एक वाजता जेवणाची सुट्टी पक्की असावी. झटका आला तर गोळी घेऊन दोन तास शांत खोलीत पडू द्यावं, राहिलेलं काम मी त्याच आठवड्यात भरून काढीन. दोन महिन्यांनी आपण याचा आढावा घेऊ.’

खिडकीकडे पाठ नको, कारण मागचा उजेड स्क्रीनवर चमकतो. दोन तासांची मागणीही हवेतून आलेली नाही. ट्रिप्टान गटाची गोळी दुखणं सौम्य असतानाच घेतली तर तिचा गुण चांगला येतो, आणि अनेकांना दोन तासांत उतार पडतो. ‘मीटिंग संपल्यावर घेईन’ म्हणून थांबलं की पुढचा सगळा दिवस जातो. उलट, सवलत नाही म्हणून रोज गोळीवर दिवस ढकलणं धोक्याचं आहे. ट्रिप्टान महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा अधिक दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं तर गोळीमुळेच डोकेदुखी जडते. ‘गोळी घेतली का?’ या प्रश्नाला हे उत्तर द्यायला हवं.

भारतात हे हक्काने मागणं अवघड आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत अर्धशिशीचं नाव नाही. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्याखाली, त्रास वर्षभर किंवा जास्त टिकणारा आणि रोजच्या जगण्यात मोठा अडथळा आणणारा असेल, तर अर्धशिशीही अपंगत्वात धरली जाऊ शकते आणि मालकाला वाजवी बदल करावे लागतात. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनी हे लक्षात ठेवावं. इथे मात्र सगळं मॅनेजरच्या समजुतीवर येतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. तोंडी मिळालेली परवानगी मॅनेजर बदलला की संपते, म्हणून मेल लिहायची आणि एचआरला प्रत पाठवायची.

बिनसतं ते बहुधा ब्रेकवरून. पहिल्या आठवड्यात बाई उठतात, मग काम साचतं आणि पाच मिनिटं गळतात. शेजारचे सहकारी म्हणतात, ‘आम्हाला अंधार होतो.’ त्यांचंही खरं आहे, पन्नाशीतल्या डोळ्यांना उजेड जास्त लागतो. अशा वेळी विभागाचे दिवे मंद करण्याचा हट्ट सोडून कडेची जागा घेणं बरं. दोन महिन्यांनी वही पुन्हा उघडायची. महिनाअखेरचे झटके कमी झाले असतील तर वेळेची सवलत कायम मागायची. दिव्यांनी काहीच फरक पडला नसेल तर तेही मॅनेजरला सांगायचं आणि टेबललॅम्प परत करायचा. झटके तरीही महिन्यात चारच्या वर जात असतील, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलायचं, आणि जाताना ती वही सोबत न्यायची.