चिमीचा पहिला माज

फेब्रुवारीतल्या एका रात्री दोन वाजता चिमी ओरडायला लागली. नेहमीचं म्याव नव्हे, तर घशातून निघणारा लांबलचक आक्रोश. फरशीवर लोळायची, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर उचलायची, शेपटी एका बाजूला घ्यायची. जेमतेम पाच महिन्यांचं, दोन किलोचं पिल्लू ते. मला वाटलं, पोटात दुखतंय. रात्रभर मी तिचं पोट चोळत बसले. सकाळी शेजारच्या आजी आल्या आणि एका नजरेत म्हणाल्या, "अगं, दुखत नाही काही तिला. माजावर आली आहे."

पाच महिन्यांची मांजर माजावर येऊ शकते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काही तर चौथ्या महिन्यातच येतात. दिवस मोठे होऊ लागले की मांजरींची वीण सुरू होते. आपल्याकडे हिवाळ्यातही उजेडाचे तास फारसे कमी होत नाहीत, त्यामुळे वर्षातला बराच काळ हे चालूच राहतं. माज साधारण आठवडाभर टिकतो. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो, आणि असं महिनोन्‌महिने चालतं. शिवाय मांजरीचं बीज सहसा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. त्यामुळे एकदा निसटून बाहेर गेलेली मांजर गाभण राहण्याची शक्यता खूप मोठी.

आमचं नेमकं तेच झालं. "एकदा पिल्लं होऊ देत, मग ऑपरेशन करा, त्यानं मांजर शांत होते," असा सल्ला एका नातेवाइकांनी दिला आणि मी तो मानला. एकदा व्यायल्यानं मांजरीचं काही भलं होतं याला आधार नाही, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. दुसऱ्याच दिवशी चिमी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली. चौसष्टाव्या दिवशी तिला तीन पिल्लं झाली, तेव्हा ती स्वतः सात महिन्यांची होती. पिल्लं सहा आठवड्यांची झाली, अजून तिच्या अंगावर पीत होती, आणि ती पुन्हा तसंच ओरडू लागली. दूध पाजणारी मांजर माजावर येत नाही हा समजही तेव्हा मोडला. यावेळी मात्र मी खिडक्यांना जाळ्या ठोकल्या.

म्हणून वयाचं उत्तर सरळ आहे: पहिला माज येण्याआधी, म्हणजे चार ते पाच महिन्यांच्या दरम्यान. तोपर्यंत लसीही झालेल्या असतात आणि पिल्लू भूल सहन करण्याइतकं मोठं असतं. याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. सहा महिन्यांच्या आत गर्भाशय आणि बीजांडकोश काढले तर पुढे स्तनाच्या गाठी होण्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटतो. मांजरीच्या अशा गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात. वर्षाच्या आत केलं तरी फायदा बराच असतो, त्यानंतर तो झपाट्यानं कमी होतो. चिमीचं ऑपरेशन दूध आटल्यावर, जुलैच्या सुरुवातीला झालं, तेव्हा ती दहा महिन्यांची होती.

ऑपरेशन असं असतं: पोटाखाली इंचभर चीर, त्यातून दोन्ही बीजांडकोश आणि गर्भाशय बाहेर काढतात, मग आतले थर आणि वरची कातडी असे टाके घालतात. भुलीच्या आधी पोट रिकामं लागतं. पण लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवलं तर त्याची साखर उतरते, म्हणून किती तास ते डॉक्टरांनीच सांगावं. बोक्याचं काम याहून सोपं. वृषणांच्या पिशवीवर लहानशा चिरा देतात, बहुधा टाकेही लागत नाहीत. मात्र त्याच्यात काही आठवडे बीज शिल्लक असतं, तेवढे दिवस त्याला माजावरच्या मांजरीपासून दूर ठेवावं.

संध्याकाळी चिमी घरी आली. डोळे उघडे, बुबुळं काळीभोर पसरलेली, आणि पाय तिचे नसल्यासारखे. तशातही ती कपाटावर चढायला निघाली. भुलीतून उठणाऱ्या मांजरीला पहिली रात्र जमिनीवरच, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवायची. अंगाला ऊब लागते, म्हणून मी कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवली. नीट चालू लागल्यावर नऊ वाजता दोन चमचे उकडलेलं चिकन दिलं, मीठ-कांदा-लसूण काही नाही. शी-शूच्या ट्रेमधली वाळू काढून फाडलेली वर्तमानपत्रं घातली, म्हणजे टाक्यांत कण अडकत नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझी चूक झाली. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर तिला सतत दाराला आपटत होती, माझ्याच्यानं बघवेना. म्हटलं, जेवेपर्यंत काढू. पंधरा मिनिटांत तिनं वरचे दोन टाके चाटून-चावून उपसले. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, कानशीच ती. आतला थर शाबूत होता, म्हणून दोन नवे टाके घालून निभावलं. त्यानंतर दहाव्या दिवशी टाके काढेपर्यंत कॉलर हलली नाही. ताट मात्र मी वाटीवर ठेवून उंच केलं, मग कॉलरसकट जेवता येऊ लागलं.

जखम दिवसातून दोनदा बघायची. कोरडी, फिकट गुलाबी रेघ म्हणजे ठीक. टाक्यापाशी लहानशी, न दुखणारी घट्ट गाठ लागली तरी घाबरू नये, तिथे आतले विरघळणारे टाके असतात. पण ओल, पू, वाढती मऊ सूज, टाक्यांमधली फट, पांढरट हिरड्या किंवा चोवीस तास अन्न न शिवणं, यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. आणि तिला दुखतंय म्हणून माणसाची गोळी कधीही देऊ नका. मांजरीच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, एका गोळीनंही तिचा जीव जातो.

ऑपरेशननंतर चिमीचं ते रात्रीचं ओरडणं पुन्हा ऐकू आलं नाही. ते परत आलं असतं, तर बीजांडकोशाचा तुकडा आत राहून गेला अशी शंका घ्यावी लागली असती. बाकी ती तीच आहे. पालीमागे धावते, मांडीवर येते, मनात नसेल तर येत नाही. स्वभाव संप्रेरकांवर फारसा नसतो. त्यांच्यावर असतं ते भटकणं, भांडणं आणि भिंतीवर मुताचा फवारा मारणं. बोक्यांमध्ये हा फवारा दहापैकी नऊ जणांचा थांबतो किंवा खूप कमी होतो. पण वेळ द्यावा लागतो. आमच्या इमारतीतला चार वर्षांचा बोका उशिरा केला. त्याच्या मारामाऱ्या दोनेक महिन्यांत ओसरल्या, जिन्याखालच्या कोपऱ्याची सवय मात्र अधूनमधून अजून दिसते. चिमीच्या पिल्लांतला गोट्या आम्ही ठेवून घेतला. त्याचं पाचव्या महिन्यातच केलं, त्यानं भिंत कधीच खराब केली नाही.

खरा बदल दिसला तो ताटात. ऑपरेशननंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्शानं घटते आणि भूक उलट वाढते, तीही काही दिवसांतच. गोट्याचं वाढीचं वय संपल्यावरही मी वाटी भरतच राहिले, आणि त्याच्या बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या. आता दर रविवारी मी त्याला उचलून वजनकाट्यावर उभी राहते, मग एकटी, आणि वजाबाकी करते. गेल्या रविवारी ४.६ निघालं, म्हणून सकाळच्या खाण्यातला एक चमचा कमी केला आहे.