पाचवी, बारसे आणि सव्वा महिना : बाळंतिणीचे रडू ओळखण्याचे तीन टप्पे

बाळंतीण रडू लागली की घरात दोनच उत्तरे तयार असतात. एक म्हणते, ‘‘होते असे, चार दिवसांत जाईल.’’ दुसरे म्हणते, ‘‘रडू नकोस, दूध आटेल.’’ यांतील दुसरे उत्तर चुकीचेच आहे; रडल्याने दूध आटत नाही. पहिले उत्तर मात्र बहुतेक वेळा खरे ठरते, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. कारण ज्या थोड्या स्त्रियांच्या बाबतीत ते खरे नसते, त्यांचे दुखणे याच वाक्याच्या आड महिनोन्‌महिने दडून राहते. प्रसूतीनंतरचे साधे हळवेपण आणि प्रसूतीनंतरचे नैराश्य यांची सुरुवात दिसायला सारखीच असते. त्यांत फरक करतो तो मुख्यतः काळ.

हा काळ मोजण्यासाठी बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठी घरांना वेगळे कोष्टक शोधावे लागत नाही. पाचवी, बारसे आणि सव्वा महिना हे टप्पे आपल्याकडे पाळले जातातच. वैद्यकशास्त्राने सांगितलेले टप्पे त्यांच्या अगदी जवळ येतात.

पाचवीच्या आसपास

वार बाहेर पडल्यानंतर दोन-तीन दिवसांतच शरीरातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी एकदम कोसळते. गर्भारपणात ती नेहमीच्या अनेक पट वाढलेली असते. त्याच सुमारास, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, छातीत दूध भरून येते, टाके दुखत असतात आणि प्रसूतीच्या रात्रीपासूनची झोप साठलेली असते. पाचवीला सटवीच्या पूजेचे जागरण असेल, तर त्यात आणखी एका रात्रीची भर पडते.

अशा वेळी कारण नसताना डोळे भरून येणे, क्षणात हसू आणि क्षणात रडू येणे, लहानशा बोलण्याने दुखावले जाणे, बाळाची अवास्तव काळजी वाटणे ही लक्षणे निम्म्याहून अधिक मातांमध्ये दिसतात. इंग्रजीत यालाच ‘बेबी ब्लूज’ म्हणतात. हा आजार नव्हे. त्यासाठी औषध लागत नाही. विश्रांती, वेळेवर जेवण आणि कुणीतरी शांतपणे ऐकून घेणे पुरते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान हा जोर सर्वाधिक असतो आणि मग तो ओसरू लागतो. या दिवसांतील एक खूण महत्त्वाची : रडू येऊन गेले की ती मोकळी होते, बाळाला घेते, विनोदावर हसते, जेवण तिला गोड लागते.

बारशानंतर

बाराव्या दिवशी बाळाचे नाव ठेवले जाते, पाहुणे परततात आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागते. साधे हळवेपण याच सुमारास, दोन आठवड्यांच्या आत, संपलेले असते. म्हणून बारशानंतर दोन-तीन दिवसांनी घरच्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : पाचवीला जशी होती, त्यापेक्षा ती आज बरी आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर चिंता नको. ती तशीच असेल किंवा अधिक खचलेली असेल, तर ‘होते असे’ हे वाक्य तिथेच थांबवावे.

योगायोगाने आरोग्य यंत्रणेचे वेळापत्रकही असेच आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. या भेटी प्रामुख्याने नवजात बाळासाठी आहेत. वजन, ताप, नाळ आणि स्तनपान पाहिले जाते. पण चौदाव्या दिवसाची भेट आईसाठीही नेमक्या वेळी येते. ‘‘बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?’’ एवढे त्या भेटीत विचारले गेले तरी पुष्कळ कळते.

झोपेची कसोटी

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजून घ्यायला हवे. नवजात बाळ दर दोन-तीन तासांनी उठते. त्यामुळे प्रत्येक बाळंतिणीची झोप मोडते. ‘झोप होत नाही’ या तक्रारीवरून म्हणूनच काहीच ठरत नाही. पण साधी दमलेली आई बाळ निजले की पाठ टेकताच झोपी जाते. नैराश्यात नेमके हेच होत नाही. बाळ शांत निजलेले, आजी ते सांभाळायला तयार, खोलीत अंधार, तरीही आई छताकडे पाहत पडून राहते. किंवा पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही.

झोपेच्या जोडीला आणखी काही गोष्टी पाहाव्यात. कशातच मन न लागणे, अन्न नकोसे होणे, ‘मी चांगली आई नाही’ असा अपराधभाव, बाळाबद्दल काहीच न वाटणे किंवा सतत भीती वाटणे. ही अवस्था दिवसाचा बहुतेक काळ आणि दोन आठवडे टिकली, तर ते नैराश्य असण्याची शक्यता मोठी. ते प्रसूतीनंतर लगेच सुरू होईल असे नाही; पुढच्या काही महिन्यांतही होऊ शकते. मात्र रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांमुळेही असाच थकवा व उदासी येते. म्हणून हिमोग्लोबिन व थायरॉइडची रक्ततपासणी करून घेणे ही पहिली पायरी होय.

एक प्रातिनिधिक उदाहरण

समजा, निपाणीजवळच्या गावातील एक तरुणी लग्न होऊन गोव्यात राहते. पहिले बाळंतपण म्हणून ती सातव्या महिन्यात माहेरी आली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी ती खूप रडली. आईने जवळ घेतले. बारशाला सासरची माणसे घाट चढून आली आणि कुणीतरी ‘‘पुढच्या वेळी मुलगा होईल’’ असे म्हणून गेले. विसाव्या दिवशी ती बाळाला पाजते, पण त्याच्याकडे पाहत नाही. रात्री आजीने बाळ घेतले तरी जागी असते. ‘‘मला नुसता थकवा आहे, अंग दुखते,’’ एवढेच ती सांगते.

इथे निदानाच्या वाटा कशा बंद होतात पाहा. तिची गर्भारपणातील नोंद गोव्यात, प्रसूतीची नोंद कर्नाटकात. त्यामुळे पूर्वी कधी मन खचले होते का, हे इथल्या डॉक्टरांना ठाऊक नाही. तिने तक्रार केली ती अंगदुखीची, म्हणून तिला शक्तीचे औषध मिळते. नवऱ्याशी रोज फोन होतो, पण तो सगळ्या घरासमोर. आणि सव्वा महिन्यानंतर किंवा तिसऱ्या महिन्यात ती परत जाईल, तेव्हा इथे जे दिसले ते तिथे कुणाला सांगितले जाणार नाही.

हे चित्र हवेतले नाही. मेरलिन रॉड्रिग्ज, विक्रम पटेल आणि नंदिता डिसोझा यांनी गोव्यातील मातांचा अभ्यास करून तो 2002 साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतील 78 टक्के स्त्रिया गर्भारपणातच मनाने खचलेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे यांचा या आजाराशी संबंध दिसला. म्हणजे बारशातील ते एक वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नसते.

सव्वा महिना : विचारण्याची वेळ

सहा आठवडे पूर्ण झाले की बाळाला लस द्यायला न्यावेच लागते. आईची तपासणीही त्याच फेरीत व्हावी. यासाठी एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ती 1987 मध्ये तयार केली. तिच्यात मागील सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण आणि एकूण तीस. साधारण दहा ते तेराच्या पुढे गुण गेले तर तज्ज्ञाकडे पाठवतात. गुण म्हणजे निदान नव्हे. ती केवळ चाळणी आहे. मात्र दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी मदत मिळायला हवी.

सीमाभागात दोन पथ्ये पाळावीत. प्रश्न तिला समजणाऱ्या भाषेत विचारले जावेत. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला मनातले दुःख कन्नडमधून सांगणे अवघड जाते. आणि प्रश्न एकटीला विचारावेत. आई किंवा सासू शेजारी बसलेली असताना ‘‘सगळे ठीक आहे’’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही.

उपचार काय असतात?

सौम्य नैराश्यात समुपदेशनाने पुष्कळ फरक पडतो. अधिक तीव्र असेल तर औषधे लागतात. स्तनपान चालू असताना सर्ट्रालिनसारखे औषध देता येते. दुधावाटे बाळाकडे जाणारे त्याचे प्रमाण अगदी अल्प असते. पण औषध सुरू करणे आणि थांबवणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘गुण नाही’ म्हणून गोळी सोडणे ही नेहमीची चूक आहे.

घरच्यांनी करण्याजोगी एक गोष्ट म्हणजे रात्री तिला शक्य तेवढी सलग झोप मिळवून देणे. तिने पाजावे, आणि ढेकर काढणे, दुपटे बदलणे, निजवणे दुसऱ्याने करावे.

आता एक धोक्याची खूण. प्रसूतीनंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, एखादी आई दोन-तीन रात्री अजिबात झोपत नाही आणि तरीही तिला थकवा वाटत नाही. ती असंबद्ध बोलते, आवाज ऐकू येतात म्हणते, बाळ बदलले आहे किंवा त्यात काही दोष शिरला आहे असा संशय घेते. हजारात एक-दोन मातांना होणारा हा प्रसूतीनंतरचा मनोविकार नैराश्याहून वेगळा आहे. याला ‘बाहेरचे’ समजून देवऋष्याकडे नेण्यात एक दिवसही घालवू नये. आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला आणि बाळाला एकटे न ठेवता तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. उपचारांनी ती पूर्ण बरी होऊ शकते. बाळ आईपासून कायमचे तोडले जाईल ही भीतीही नको. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळे करता येत नाही. धोका असेल तेव्हाच तात्पुरते तसे करतात.

कुठे विचारावे?

बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये मानसोपचार विभाग आहेत. निपाणीहून अनेकांना कोल्हापूर जवळ पडते. तिथे जाण्यास काहीच हरकत नाही. घरातून बाहेर पडणे कठीण असेल तर ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे. 2022 पासून चालू असलेल्या या सेवेत मराठीतही बोलता येते. आणि मुलगी सासरी परतणार असेल, तर बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत तिच्या उपचारांचे कागदही पिशवीत घालावेत. दोन राज्यांच्या नोंदी एकमेकींना भेटत नाहीत. ते काम त्या पिशवीलाच करावे लागते.